लोकलमध्ये पिन पाहिला आणि फोन नेला: नेमका कोणता पिन पाहिला असेल?

माधुरी_डोंबिवली

मंगळवारी संध्याकाळी माझा फोन चोरीला गेला आणि त्याच्यामागोमाग खात्यातले ९७,००१ रुपये. आज शुक्रवार. रात्री डोळा लागला तरी दचकून जाग येते. इथे बँकेत काम केलेले आणि मोबाइलमधलं कळणारे बरेच जण आहेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

दादरला पाऊस होता. फलाटावरच्या स्टॉलवर चहा आणि वडापाव घेतला. अंगठा ओला असल्यामुळे ठशाने फोन उघडेना, म्हणून चार आकडी लॉक टाकलं, मग यूपीआय पिन टाकून पैसे दिले. मागे पाचसहा जणी खेटून उभ्या होत्या. पावणेसातच्या सुमारास फास्ट लोकल मिळाली, सेकंड क्लासचा लेडीज डबा. मध्ये आडोशाला उभी होते. मुलीचे मेसेज येत होते, त्यामुळे कुर्ल्यापर्यंत तीनचार वेळा तरी फोन उघडला, दर वेळी आकडे टाकूनच. ठाण्याला नेहमीची रेटारेटी झाली. डोंबिवलीला उतरताना पर्सची चेन अर्धी उघडी दिसली, आत फोन नव्हता. तेव्हा ७:३३ झाले होते.

रिक्षाने घरी पोहोचले. यजमानांच्या फोनवरून ७:५८ ला सिम बंद करून घेतलं. मग बँकेचा नंबर शोधला, ८:०६ ला तक्रार नोंदवली गेली, तिचा क्रमांक आहे माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घेतलं तर ७:२६ ला १ रुपया, ७:२८ ला २५,०००, ७:३३ ला २५,०००, ७:४१ ला ३८,००० आणि ८:१४ ला ९,०००.

मला कळत नाही ते असं की फोनचं लॉक आणि यूपीआय पिन वेगळे होते. गाडीत मी लॉक टाकलं, यूपीआय पिन टाकलाच नाही. तो फक्त स्टॉलवर एकदा टाकला, तोही पटकन. म्हणजे ती बाई स्टॉलपासूनच मागावर होती का? आई आठवड्यातून दोनदा परळला दवाखान्यात जाते आणि मुलगी यंदा रुपारेलला लागली आहे. दोघींना मी नेमकं काय सांगू?

संदीप_वसई

ताई, वाईट वाटलं वाचून. दारात उभं राहून फोन वापरूच नये. फटका गँगवाले रुळाशेजारी किंवा खांबावर काठी घेऊन उभे असतात, हातावर मारतात आणि फोन खाली पडला की पळवतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा गेला, तो फोन वाचवायला वाकला आणि थोडक्यात जिवावरचं बोटावर निभावलं. फोन गेला तर जाऊ द्या, पण दारातून आत व्हा.

माधुरी_डोंबिवली

संदीप, मी दारात नव्हते हो. फोन पर्समधून गेला. माझा प्रश्न पैसे कसे गेले हा आहे.

वैशाली_एम

मला तर वाटतं की आतल्या माणसाचं काम असावं. नुसता पिन पाहून काही होत नाही, ओटीपी लागतोच. शिवाय यूपीआयच्या अ‍ॅपला वेगळं लॉक असतं. तुम्ही ते लावलं नव्हतं का? मी लावलंय, माझं अ‍ॅप ठशाशिवाय उघडत नाही, त्यामुळे मला ही भीती नाही.

निवृत्त_बँकवाला

माधुरीताई, आधी तीन प्रश्न विचारतो, मग बोलतो. मी शेवटची सहा वर्षं एका बँकेत डिजिटल व्यवहारांच्या तक्रारीच पाहत होतो.

पहिला प्रश्न, डेबिट कार्डाचा फोटो फोनमध्ये कुठे होता का? गॅलरीत, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवलेला, कुठेही. दुसरा, आधारचा फोटो? तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा: बँकेला विचारा की मंगळवारी संध्याकाळी सात ते आठमध्ये तुमचा यूपीआय पिन नव्याने सेट झाला होता का. तोंडी नको, ईमेलवर विचारा आणि वेळेसकट उत्तर मागा.

वैशालीताई, ओटीपी लागतो हे बरोबर. पण तो येतो कुठे? त्याच फोनवर, जो चोराच्या हातात उघडा आहे. अ‍ॅपच्या लॉकचं म्हणाल तर तुमच्या फोनवर आत्ता करून पाहा. अ‍ॅप उघडा, ठसा मागेल तेव्हा मुद्दाम दुसरं बोट लावा. दोनचार वेळा चुकलं की ते 'पिन वापरा' असं सुचवेल, आणि तो पिन म्हणजे फोनच्या लॉकचाच. बहुतेक अ‍ॅपमध्ये हे लॉक फोनच्याच लॉकवर उभं असतं, वेगळं नसतं.

वैशाली_एम

करून पाहिलं. खरंच उघडलं. मला आतापर्यंत हे माहीतच नव्हतं.

शिरीष७१

एटीएमवाल्यांसाठी एक उपाय सांगतो. कार्ड घालण्याआधी 'कॅन्सल' बटण दोनदा दाबायचं. कुणी कीपॅडमध्ये गडबड करून पिन चोरायची तयारी केली असेल तर ती रद्द होते. हा रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेला उपाय आहे, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता.

निवृत्त_बँकवाला

शिरीषराव, हा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. रिझर्व्ह बँकेने असं काही सांगितलेलं नाही, सरकारच्या पीआयबीनेही तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. कॅन्सल दाबून मागे उभ्या माणसाचे डोळे मिटत नाहीत आणि वर चिकटवलेला कॅमेराही बंद पडत नाही. काम संपल्यावर एकदा कॅन्सल दाबून पडदा पहिल्या पानावर आला का ते बघणं चांगलं, पण त्याचा उपयोग वेगळा. पिन वाचवायला दुसऱ्या हाताचा पंजा कीपॅडवर छपरासारखा धरायचा, एवढंच खरं.

गिरगावकर

एटीएमचा विषय निघाला म्हणून आमच्या बाबांचं लिहितो. वय ७४, पेन्शन काढायला चर्नी रोडजवळच्या एटीएममध्ये गेले होते. आत आधीच दोन तरुण होते. मशीन पैसे देईना, तेव्हा एकजण "काका, कार्ड उलटं घातलंय, द्या" म्हणाला. त्याने कार्ड घातलं, बाबांनी त्याच्यासमोरच पिन टाकला, पैसे आले, त्याने कार्ड काढून हातात दिलं. बाबा त्याचे आभार मानून घरी आले. दोन तासांत चाळीस हजार गेले. संध्याकाळी मी कार्ड पाहिलं तर बँक तीच, रंग तोच, पण त्यावर नाव भलत्याच कुणाचं तरी.

तेव्हापासून बाबांना एकच सांगितलं आहे: मशीनमधून कार्ड आलं की खिशात ठेवण्याआधी त्यावरचं नाव वाचायचं. ते आता नाव मोठ्याने वाचतात. लोक बघतात, बघू देत. आणि आत कुणी असेल तर "मी बाहेर थांबतो, तुमचं होऊ द्या" म्हणून बाहेर यायचं.

निवृत्त_बँकवाला

गिरगावकर, ही अदलाबदल फार जुनी आणि अजूनही चालणारी. यात पाहिलेला पिन निम्मं काम करतो, निम्मं काम कार्ड. दोन्ही एकत्र आले तरच पैसे जातात. माधुरीताईंच्या बाबतीतही हीच जोडी आहे असं मला वाटतंय, फक्त तिथे कार्डाच्या जागी फोन आहे. ईमेलचं उत्तर आलं की कळवा.

लालबागचा_दुकानदार

माझं साड्यांचं दुकान आहे, वीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, कारण गिऱ्हाइकांना याची कल्पना नसते.

दर दिवशी दोघेतिघे तरी पिन तोंडाने सांगतात. "दादा, तुम्हीच टाका, पंचेचाळीस बारा." दुकानात दहा माणसं. मी आता कार्ड मशीन त्यांच्या हातात देतो आणि मान फिरवतो. पोरांनाही तेच शिकवलंय, मशीन गिऱ्हाइकाकडे सरकवायचं, आपण धरायचं नाही.

दुसरी गोष्ट, गल्ल्यावरचा कॅमेरा. आम्ही तो लावतो नोटांची मोजदाद दिसावी म्हणून, म्हणजे तो बरोबर काउंटरवर रोखलेला. मागच्या दिवाळीत एका साडीच्या भांडणासाठी रेकॉर्डिंग काढलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कार्ड मशीनवर पडणारं प्रत्येक बोट त्यात दिसतंय. मोबाइलवर यूपीआय पिन टाकणाऱ्यांचंही दिसतं, कारण लोक क्यूआर स्कॅन करून फोन काउंटरवर आडवा ठेवतात आणि वरून बोटाने टाकतात. रेकॉर्डिंग कोण कोण बघू शकतं? मी, माझा भाऊ, आणि कॅमेरा बसवणारा मुलगा, त्याच्याकडे पासवर्ड आहे. मी कॅमेरा थोडा वळवून घेतला आणि पासवर्ड बदलला. सगळ्यांनी घेतला असेल असं नाही.

म्हणून दुकानात फोन काउंटरवर ठेवू नका. छातीजवळ घ्या, पडदा स्वतःकडे झुकवा, मग टाका. कार्डवर वायफायसारखं चिन्ह असेल तर ५,००० पर्यंत नुसतं टेकवून होतं, पिन टाकायची वेळच येत नाही.

वैशाली_एम

पण टेकवून होत असेल तर कार्ड चोरीला गेलं की चोरही टेकवणार ना?

लालबागचा_दुकानदार

हो, तेही खरं आहे. माझ्या बायकोने म्हणूनच बँकेच्या अ‍ॅपमधून ती मर्यादा दोन हजारांवर आणली आहे. मी पाच हजारच ठेवलीय. आमच्या घरातच यावर एकमत नाही.

नेहा_कळवा

मी मोबाइल अ‍ॅपच्या सुरक्षेची तपासणी करते, आणि रोज कळवा ते घाटकोपर. माधुरीताई, तुमच्या लिहिण्यात एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, "दर वेळी आकडे टाकूनच". कुर्ल्यापर्यंत तीनचार वेळा.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या नौदल अकादमीतल्या संशोधकांनी लोकांना फोन उघडण्याचे व्हिडिओ दाखवून काय ओळखता येतं ते तपासलं होतं. सहा आकडी पिन एकदाच पाहून साधारण ११ टक्के वेळा ओळखता आला. पुन्हा पुन्हा पाहू दिला तर तेच प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास गेलं. आणि बोटाने रेघ ओढून उघडायचा सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदा पाहून ६४ टक्के वेळा. रेघेचा आकार डोळ्यात बसतो, आकडे तितके बसत नाहीत. आपल्या डब्यात तर माणूस हातभर अंतरावर आणि पाऊण तास शेजारी असतं. त्यामुळे आईंच्या फोनला पॅटर्न असेल तर आज रात्रीच काढा, आणि चारचे सहा आकडे करा.

आता अंगठ्याचं. ठसा लावला म्हणून पिन संपला असं होत नाही. ओलं बोट, मेंदी, कांदा चिरून झालेला हात, काहीही झालं की फोन पिनकडे वळतो. शिवाय अँड्रॉइड ७२ तास पिन टाकला गेला नाही तर स्वतःहून मागतो, ठसा कितीही चांगला असला तरी. ही वेळ नेमकी गाडीत येऊ शकते. म्हणून मी रोज सकाळी घरातून निघताना मुद्दाम एकदा पिन टाकून फोन उघडते. मग दिवसभरात तो सहसा मागत नाही. पावसाळ्यात रुमाल वरच्या खिशात ठेवते, अंगठा आधी पुसायचा, आणि एकच अंगठा दोनदा नोंदवून ठेवलाय. त्याने फरक पडतो.

आणि सेटिंगमध्ये पासवर्ड दाखवण्याचा पर्याय असतो, `Show passwords` किंवा तशाच नावाचा. तो चालू असेल तर टाकलेला आकडा क्षणभर मोठा दिसतो. बंद करा. यूपीआय पिनच्या पानावरही `SHOW` असतं, त्याला हात लावू नका.

संदीप_वसई

प्रायव्हसी ग्लास लावली तर? माझ्या मुलाने दीडशे रुपयांत लावून आणली, बाजूने बघितलं की काळंच दिसतं.

नेहा_कळवा

बाजूला बसलेल्यापासून वाचवते. पण ती बहुतेक फक्त डाव्याउजव्या बाजूने काळी होते. तुम्ही बसलेले आणि कुणी डोक्यावर हँडल धरून उभं असेल तर त्याला वरून सगळं दिसतं. मुलाला समोर बसवा, त्याने फोन धरायचा, तुम्ही उभं राहून बघा. शिवाय पडदा दिसला नाही तरी बोट कुठे पडतं ते दिसतंच, आणि कीपॅडवर आकड्यांच्या जागा सगळ्यांना पाठ असतात.

माधुरी_डोंबिवली

बँकेचं ईमेल आलं. निवृत्त काका, तुमचा अंदाज बरोबर होता. मंगळवारी ७:२४ ला माझा यूपीआय पिन नव्याने सेट झाला होता. डेबिट कार्ड वापरून. वाचून हातपाय गार पडले.

आणि कार्डाचा फोटो होता. मे महिन्यात मुलीच्या क्लासची फी भरायला मी कार्डाच्या दोन्ही बाजू यजमानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या. नंतर विसरून गेले.

निवृत्त_बँकवाला

आता चित्र पूर्ण झालं. स्टॉलवर तुम्ही टाकलेला यूपीआय पिन तिने पाहिला नाही, किंवा पाहिला तरी लक्षात राहिला नाही. तो तिला ठाऊक असता तर बदलायची गरजच नव्हती. तिने पाहिला तो फोनच्या लॉकचा पिन, गाडीत, तीनचार वेळा.

पुढचं असं झालं असणार. ठाण्याला फोन हातात. लॉक उघडलं. यूपीआय अ‍ॅपच्या लॉकलाही तेच आकडे चालले. मग 'पिन विसरलात' वर गेले. तिथे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत मागतात, ते फोटोत होतं. ओटीपी त्याच फोनवर. काही बँका इथे एटीएमचा पिनही मागतात, तुमच्या बँकेने मागितलेला दिसत नाही. आधारच्या रस्त्यानेही पिन बदलता येतो, म्हणून मी आधारच्या फोटोचं विचारलं होतं. ७:२६ चा एक रुपया म्हणजे नवा पिन चालतो का याची चाचणी.

त्यांनी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये का घातलं नाही, तेही समजून घ्या. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या चोवीस तासांत साधारण पाच हजारांपर्यंतच पाठवता येतं. तुमच्याच उघड्या फोनवर ही अडचण नाही, तिथे दिवसाची एक लाखाची मर्यादा पूर्ण मिळते. तुमची बेरीज ९७,००१ वर थांबली आहे ती त्यामुळे. लॉकचा पिन पाहण्याची धडपड एवढ्यासाठीच असते.

म्हणून आईंना आणि लेकीला सांगताना यूपीआय पिन लपवा एवढंच सांगू नका. तो लपवायचाच, पण फोनचं लॉक ही तिजोरीची किल्ली आहे आणि आपण ती दिवसातून पन्नास वेळा सगळ्यांसमोर फिरवतो. आज दोन्ही फोनमधून कार्ड आणि आधारचे फोटो काढून टाका, गॅलरीतून, व्हॉट्सअ‍ॅपमधून आणि डिलीट केलेल्यांच्या डब्यातूनही. समोरच्याच्या चॅटमधूनही.

गिरगावकर

काका, माझ्या फोनमध्ये बाबांच्या कार्डाचा फोटो आहे. आत्ता काढला. पण मग त्यांचा नंबर लागतो तेव्हा काय करायचं?

निवृत्त_बँकवाला

वहीत लिहा आणि कपाटात ठेवा. कपाट लोकलने प्रवास करत नाही.

नेहा_कळवा

लेकीकडे कोणता फोन आहे? आयफोन असेल तर `Stolen Device Protection` चालू करा, आयओएस १७.३ पासून आहे. ते चालू असताना घर किंवा कॉलेज अशा नेहमीच्या जागेबाहेर फोनचा पासकोड किंवा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलायचा तर चेहरा लागतो, नुसता पासकोड चालत नाही, आणि वर एक तास थांबावं लागतं. काही नव्या अँड्रॉइडमध्ये `Identity Check` नावाने असंच आहे. पण दोन्हींची मर्यादा सांगते. यूपीआय अ‍ॅप पासकोडने उघडत असेल तर त्याला ते आपोआप थांबवत नाहीत.

किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट वापरा. त्यात जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि १,००० पर्यंतच्या पेमेंटला पिन टाकावा लागत नाही. फलाटावरच्या चहाला पिन टाकायचाच कशाला? चोराला मिळाले तर तेवढेच मिळतील. मी त्यात पाचशेच ठेवते.

शिरीष७१

बिनपिनचं नको वाटतं मला. मी स्टेशनवर रोखच देतो. सुट्टे नसतील तर चहा नाही.

अ‍ॅड_मृणाल

उशिरा पाहिला धागा. माधुरी, पैशांच्या बाजूने बोलते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे.

तुझ्या ८:०६ च्या तक्रारीनंतर ८:१४ ला गेलेले ९,००० बँकेने द्यायलाच हवेत, त्यात वादाला जागा नाही. उरलेले ८८,००१ वादाचे. परिपत्रकात निष्काळजीपणाचं उदाहरण दिलंय ते पासवर्ड, पिन स्वतःहून कुणाला देण्याचं. कुणीतरी चोरून पाहिला तर ते देणं होत नाही, असं मी ठामपणे मांडेन.

निवृत्त_बँकवाला

मृणाल, मनापासून वाटतं तुझं बरोबर ठरावं. पण मी टेबलाच्या पलीकडे बसलोय. बँक म्हणेल की कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये ठेवणं हाच निष्काळजीपणा. अशा तक्रारी मी दोन्ही बाजूंनी सुटलेल्या पाहिल्या आहेत.

अ‍ॅड_मृणाल

म्हणू दे. फोटो तिने नवऱ्याला पाठवला, चोराला नाही. आणि एटीएम पिन न विचारता यूपीआय पिन बदलू देणं ही बँकेचीच रचना होती. ७:२४ चं ते ईमेल जपून ठेव, तुझ्या बाजूचा सगळ्यात मजबूत कागद तोच आहे. यूपीआय पिन तू उघड केला नाहीस हे त्याच्यातूनच दिसतं.

संदीप_वसई

एक विचारतो. ताईंनी सिम ७:५८ ला बंद केलं, मग ८:१४ ला पैसे कसे गेले?

नेहा_कळवा

सिम बंद झालं की नवा ओटीपी येत नाही. पण पिन तर आधीच बदलून झाला होता. अ‍ॅप त्या फोनला आधीच जोडलेलं असतं, चोराने स्वतःच्या हॉटस्पॉटवर नेट दिलं तर काही वेळ चालू राहू शकतं. म्हणून माझ्या मते आधी बँक, मग सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, मग सिम.

निवृत्त_बँकवाला

मी उलट सांगेन. पहिल्या पाचदहा मिनिटांत असाल तर आधी सिम, म्हणजे पिन बदलायचा ओटीपीच येणार नाही. उशीर झाला असेल तर आधी बँक. घरात दुसरा माणूस असेल तर दोघांनी दोन फोनवरून एकाच वेळी करावं. बँकेचा आणि सिम कंपनीचा तक्रार नंबर कागदावर लिहून पर्समध्ये फोनपासून वेगळा ठेवा. ताईंची आठ मिनिटं नंबर शोधण्यात गेली आहेत, त्या वेळात उतरल्या उतरल्या फलाटावरच्या कुणाच्याही फोनवरून १९३० लागला असता.

वैशाली_एम

आणि फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक करतात ते?

नेहा_कळवा

फोन पुन्हा विकला जाऊ नये म्हणून त्याचा उपयोग आहे, पैशांसाठी नाही. `ceir.gov.in` वर तक्रारीची प्रत आणि नव्याने घेतलेलं त्याच नंबरचं सिम लागतं. आयएमईआय बिलावर असतो. फोन हातात असतानाच `*#06#` दाबून वहीत लिहून ठेवला तर धावपळ वाचते.

माधुरी_डोंबिवली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. रेल्वे पोलिसांत गुन्हा नोंदवला, १९३० वरची तक्रारही जोडली. ज्या खात्यात ३८,००० गेले त्यातले ११,४०० अजून काढलेले नव्हते, ते गोठवलेत असं कळलं. मिळायला वेळ लागेल म्हणतात.

बँकेचं लेखी उत्तर काल आलं. ९,००० परत केले. बाकी ८८,००१ साठी नकार, कारण "व्यवहार वैध पिनने झाले". तो पिन मी ठरवलेलाच नव्हता याचा उत्तरात उल्लेखही नाही.

आईच्या फोनचा पॅटर्न काढला, सहा आकडी पिन केला. तिला आठवत नव्हता म्हणून चार दिवस घरातच सराव करून घेतला. आता ती दादरला जिना चढायच्या आधी भिंतीला पाठ लावून जे काय बघायचं ते बघते आणि फोन पिशवीच्या तळाशी ठेवते. गाडीत काढत नाही. लेक मात्र ऐकत नाही, तिचं गाणं गाडीतच लागतं. तिला निदान लॉक न उघडता गाणं बदलायला शिकवलं.

अ‍ॅड_मृणाल

नकार लेखी आला ते उत्तम झालं, आता तीस दिवस थांबायची गरज नाही. `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करता येईल. ७:२४ चं ईमेल, ८:०६ चा तक्रार क्रमांक, गुन्ह्याची प्रत आणि हे नकाराचं पत्र, चारही एकत्र स्कॅन करून ठेव. मसुदा मी रविवारी बघते. त्यात पहिलंच वाक्य असं लिहू: "माझा यूपीआय पिन मी कोणालाही सांगितला नाही, तो माझ्या फोनची चोरी झाल्यानंतर, ७:२४ वाजता बदलण्यात आला."

गिरगावकर

मृणालताई, बाबांच्या वेळी आम्ही नकाराचं पत्र वाचून गप्प बसलो होतो. चौदा महिने झाले. आता काही करता येईल का?

अ‍ॅड_मृणाल

लोकपालासाठी बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते, ती गेली. ग्राहक आयोगाची दोन वर्षं आहेत. पत्राची तारीख मला मेसेज करा.